हात मोजायचे की शेअर? आमच्या सभेतला पोल

एमआयडीसी_गाळा
काल आमच्या कंपनीची वार्षिक सभा झाली. एका संचालकाच्या फेरनेमणुकीला आठ हात बाजूने, तीन विरोधात. अध्यक्षांनी "मंजूर" म्हणायला आणि एकाने उठून पोल, म्हणजे शेअरनुसार मतमोजणी, मागायला एकच गाठ पडली. तासाभरात ठराव नामंजूर! आठ माणसं हरली, तीन जिंकली. ही कसली लोकशाही? शिवाय गैरहजर भागधारकांच्या वतीने मत देणारे तीन प्रॉक्सी कुठून उगवले देव जाणे. चारचौघांत हात वर करायची हिंमत नसलेल्यांसाठीच पोल काढलाय, असं माझं स्पष्ट मत.

निवृत्त_सीएस
मी सहसा वाचून सोडून देतो, पण "हिंमत" वाचलं आणि राहवलं नाही. त्या तिघांनी तुमच्यासमोरच विरोधात हात वर केले ना? मग लपवलं काय?

हात वर करणं हा वेळ वाचवायचा मार्ग आहे. चहापाण्याच्या ठरावाला कोण कागद मोजत बसणार? पण हातांच्या मोजणीत एक शेअरवाला आणि लाख शेअरवाला सारखाच. प्रॉक्सीने आलेल्याचा तर हातच धरत नाहीत, प्रायव्हेट कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नियमावलीत, वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे जे पैसे घालून बसलेत पण आजारी आहेत किंवा परगावी आहेत, ते हातांच्या मोजणीत नसतातच. पोलमध्ये येतात. आठांकडे शेअर किती होते, तेवढं सांगा.

एमआयडीसी_गाळा
सांगतो, लपवायचं काय त्यात. कंपनीचे १० रुपयांचे ८ लाख शेअर, सगळे पूर्ण भरलेले. आमच्या आठांचे मिळून २,१०,०००. त्या तिघांचे ३,४०,०००. प्रॉक्सींचे ६०,०००.

निवृत्त_सीएस
म्हणजे २,१०,००० विरुद्ध ४,००,०००. ठराव पडणारच होता, अध्यक्षांनी हात मोजून तो थोडा वेळ जिवंत ठेवला इतकंच.

अर्धा_वकील
थांबा. पोल मागायला दहा टक्के मतं आणि पाच लाखांची गुंतवणूक दोन्ही लागतात. आणि पोल त्याच सभेत उरकला पाहिजे, दुसऱ्या दिवशी ढकलता येत नाही.

निवृत्त_सीएस
दोन्ही नाही, दोन्हींपैकी एक. आणि पाच लाख म्हणजे शेअरवर भरलेली रक्कम, बाजारभाव नव्हे. इथे ५०,००० शेअर असलेला एकटा माणूसही पुरे होता, दहा टक्क्यांच्या हिशेबाने ८०,००० लागले असते. सभा तहकूब करायची की नाही आणि अध्यक्ष कोण, या दोनच गोष्टींचा पोल लगेच घ्यावा लागतो. बाकी पोल मागणी झाल्यापासून ४८ तासांच्या आत, अध्यक्ष सांगतील तेव्हा.

वेळ मात्र हातची जाते हे खरं. मागणी निकाल जाहीर होण्यापूर्वी किंवा जाहीर होतानाच करावी लागते. अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले की मग ओरडून उपयोग नाही. तो गृहस्थ उठून उभा राहिला ते बरोबर होतं. आणि कंपनी प्रायव्हेट असेल तर आधी आर्टिकल्स काढा. २०१५ च्या अधिसूचनेनंतर प्रायव्हेट कंपनीला या बाबतीत आपला वेगळा नियम लिहून ठेवता येतो.

अर्धा_वकील
बरं, "दोन्हींपैकी एक". धन्य झालो.

तिसरा_मजला
आमच्या सोसायटीतही असंच व्हायला हवं! माझे दोन फ्लॅट, मेन्टेनन्स दुप्पट, पण रीडेव्हलपमेंटच्या सभेत मत एकच. खालच्या एका रूमवाल्याचं मत आणि माझं मत सारखं? पोल मागितला तर सेक्रेटरी हसले.

निवृत्त_सीएस
कारण सोसायटीला सहकार कायदा लागतो. तिथे एका सभासदाला एकच मत आणि ते स्वतः हजर राहून द्यायचं, प्रॉक्सी चालत नाही. चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं तरी मत एकच राहणार.

तिसरा_मजला
हा अन्याय आहे. पैसे मी जास्त भरतो. बायकोच्या नावावर दुसरा फ्लॅट करायचा का मग?

वाडीची_सून
करा की! आमच्याकडे एकाने हेच केलं. नंतर बायको माहेरी गेली आणि सभेत तिने नवऱ्याच्या विरोधात मत दिलं. आता दोघं लिफ्टमध्येही बोलत नाहीत.

एमआयडीसी_गाळा
अहो, माझा ठराव राहिला बाजूला, यांची लिफ्ट काय घेऊन बसलात!

तिसरा_मजला
लिफ्ट बंदच आहे आमची. त्याचाही ठराव हात वर करूनच झाला होता.

एमआयडीसी_गाळा
मुद्द्यावर या. मोजणी कोणी केली ते तर ऐका. अध्यक्षांनी कंपनीच्याच ऑडिटरच्या ओळखीचा एक माणूस स्क्रुटिनायझर नेमला. तोच मोजणार, तोच प्रॉक्सी खरे की खोटे ठरवणार. तेव्हा तुमचा पोल इतका स्वच्छ कसा?

निवृत्त_सीएस
इथे तुमचं दुखणं खरं आहे, एवढं मान्य करतो. नवीन कायद्यात किती स्क्रुटिनायझर आणि कोण, ते पोलमध्ये अध्यक्षांवर सोडलंय. जुन्या १९५६ च्या कायद्यात दोन लागायचे आणि त्यातला एक सभेत हजर असलेला, कंपनीचा अधिकारी किंवा नोकर नसलेला भागधारक. अर्थात तसा कोणी तयार असेल तर. ती अट गेली आणि मला ते आवडलेलं नाही. प्रॉक्सीबद्दल शंका आली तर स्क्रुटिनायझर ती अध्यक्षांशी सल्लामसलत करून मिटवतो. अध्यक्षच वादात असतील तर?

पण त्याची कामं ठरलेली आहेत आणि बघता येतात. रिकामी मतपेटी सगळ्यांसमोर कुलूप लावून सील करायची, मतदान संपल्यावर दोन साक्षीदारांसमोर उघडायची. प्रत्येक मतपत्रिकेवरचे शेअर सभासदांच्या नोंदवहीशी ताडायचे. सही नाही किंवा सही जुळत नाही, दोन्हीकडे खूण आहे, ती बाद. काही शेअर बाजूने आणि काही विरोधात टाकले तर बाद नाही, पोलमध्ये ते चालतं, आणि नवखे इथेच चुकतात. शेवटी ठरलेल्या नमुन्यात अहवाल अध्यक्षांकडे, सात दिवसांच्या आत. निकाल जाहीर करतात अध्यक्ष, स्क्रुटिनायझर नाही. तुमच्याकडे पेटी सगळ्यांसमोर सील झाली का?

एमआयडीसी_गाळा
पेटी कसली, साबणाचं खोकं होतं. सील नव्हतं.

अर्धा_वकील
मग निकालच रद्द! मी सांगत होतोच.

निवृत्त_सीएस
तुम्ही हे सांगत नव्हता. आणि एवढ्याने आपोआप काही रद्द होत नाही. १,९०,००० मतांचा फरक आहे, खोक्याने तो भरून निघणार नाही. सगळ्या प्रॉक्सी खोट्या ठरवल्या तरी ३,४०,००० उरतात. फरक दोन-चार हजारांचा असता तर मी आज संध्याकाळीच मतपत्रिका बघायला मागितल्या असत्या.

एमआयडीसी_गाळा
प्रॉक्सी मात्र उगवल्याच. आम्हाला कोणी सांगितलं नाही.

निवृत्त_सीएस
सांगायला कोणी येत नाही. प्रॉक्सीचा फॉर्म सभेच्या ४८ तास आधी कंपनीकडे पोचलेला असतो. मतदानाचा हक्क असलेला सभासद तीन दिवस आधी लेखी कळवून, सभेच्या २४ तास आधीपासून सभा संपेपर्यंत त्या प्रॉक्सी बघू शकतो. कळवलं होतं?

एमआयडीसी_गाळा
नाही. पुढच्या वर्षी कळवेन. पण आठ जण हरले हे मला अजून पटलेलं नाही.

वाडीची_सून
आठांनी आधी शेअर घ्यायचे ना, मग हात.

तिसरा_मजला
माझ्या दोन फ्लॅटचं काय ते कोणी सांगितलंच नाही.