मदत हवी आहे: लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राहतो. माझ्या जाऊबाईंना जिना चढताना धाप लागते, उठलं की चक्कर येते, पापणी खाली ओढली तर आत पांढुरकी दिसते. तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ आणि फेरिटिन ६ निघालं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपलाय. पाळीत रक्तस्राव फार होतो, त्यासाठी डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे.

गोळी सुरू होऊन महिना झाला, तरी हिमोग्लोबिन जेमतेम ८.७. एवढ्यात एक-दीड तरी वाढायला हवं होतं. मला संशय चहाचा आहे. सकाळी पोहे, वर कपभर चहा आणि लगेच गोळी! चहा नि दूध लोह शोषू देत नाहीत. आता तास-दोन तास अंतर ठेवून लिंबूपाण्याबरोबर देते. पालक, चणे चालूच आहेत, पण एवढी कमतरता नुसत्या खाण्याने भरत नाही.

शौच काळी होते, त्याची भीती नाही, ते गोळीमुळेच. पण मळमळ आणि बद्धकोष्ठामुळे त्या गोळी सोडायला निघाल्यात. कुणाला दिवसाआड गोळी दिली होती का? त्रास कमी झाला का, हिमोग्लोबिन वाढलं का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे.