मदत हवी आहे: मीटिंग रूमचा कॅमेरा बोलणाऱ्याला सोडून भलत्यालाच दाखवतो

सातपूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीत नवीन व्हिडिओ बार बसवलाय. बोलेल त्याच्यावर आपोआप झूम होणार असं सांगून विकलाय. प्रत्यक्षात आमचे एमडी बोलायला लागले की कॅमेरा परचेसच्या माणसाकडे वळतो. तो बिचारा गप्प बसलेला असतो, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तोच मोठ्ठा दिसतो. ट्रॅकिंगचा वेग 'फास्ट' करून पाहिला, रीसेट मारून झाला. वेगळा यूएसबी माइक घेऊन टेबलाच्या मध्यावर ठेवला, तरी काही फरक नाही. सोमवारी जर्मनीवाल्यांबरोबर कॉल आहे. लवकर सांगा प्लीज.

नेटवर्कनाथ
फर्मवेअर अपडेट केलं का? आमच्याकडे डिट्टो हाच प्रॉब्लेम होता, अपडेटनंतर गायब.

ऐसपैस
माइक मध्यावर का ठेवलात? एमडींच्या पुढ्यात ठेवा. कॅमेरा आवाजाच्या मागे जातो, त्यामुळे आवाज जिथून स्पष्ट येईल तिकडे तो वळणारच. साधं लॉजिक आहे.

ध्वनिवेडा
सातपूरकर, अशा खोल्या बसवणं हाच माझा धंदा आहे. पण तुम्ही खोलीबद्दल काहीच लिहिलं नाहीत. लांबी-रुंदी किती? बार कुठल्या भिंतीवर आहे? काच कुठे आहे? एमडी कुठे बसतात आणि तो परचेसवाला कुठे? शिवाय दर वेळी तोच माणूस दिसतो, की कधी हा कधी तो?

काकडआरती
आमच्या सोसायटीची वार्षिक सभा मोबाइलवरून लाइव्ह करतो. त्यातही सेक्रेटरींऐवजी मागचा पंखाच दिसत राहतो. फोनचं हे ऑटो कुठून बंद करायचं, कुणी सांगेल का? फोन दोन वर्षं जुना आहे.

सातपूरकर
@नेटवर्कनाथ, अपडेट विक्रेत्याच्या माणसाने बसवतानाच केलंय. @ऐसपैस, माइक एमडींच्या पुढ्यातही ठेवून झाला. आवाज छान जातो, कॅमेऱ्याचं मात्र पहिले पाढे पंचावन्न.
@ध्वनिवेडा, खोली 18 फूट बाय 10 फूट. टीव्ही अरुंद भिंतीवर आणि बार त्याच्या खाली. 12 फुटी टेबल लांबीत लावलंय. टीव्हीकडून पाहिलं तर उजवी भिंत पूर्ण काचेची, पलीकडे पॅसेज. एमडी डाव्या रांगेत अगदी शेवटच्या खुर्चीवर बसतात, दार तिकडे आहे म्हणून. परचेसवाला उजव्या रांगेत पहिला, टीव्हीजवळ. जवळजवळ दर वेळी तोच दिसतो. कधी कधी मात्र एमडींच्या शेजारच्या अकाउंट्सवाल्या मॅडम दिसतात. बारचं नाव इथे लिहीत नाही, विक्रेत्याचं बिल अजून अडकलंय.

नेटवर्कनाथ
विक्रेत्याचे लोक अपडेट केलं म्हणतात आणि करत नाहीत. व्हर्जन नंबर टाका.

ध्वनिवेडा
काच म्हटल्यावर अर्धा उलगडा झाला. ह्या खोलीत दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, तेव्हा वेगवेगळे बघू.

पहिला परचेसवाला. बारमध्ये ओळीने छोटे माइक असतात. आवाज कुठल्या माइकला आधी पोचला आणि कुठल्याला नंतर, ह्या मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून बार दिशा काढतो. मग त्या दिशेच्या जवळपास कॅमेऱ्याला जो चेहरा दिसतो तो निवडतो. आता तुमच्या खोलीचं गणित करा. एमडी मध्यरेषेपासून अडीच फूट डावीकडे आणि बारपासून 14 फूट लांब. म्हणजे त्यांची खरी दिशा डावीकडे साधारण 10 अंश. पण काचेवर आपटून येणारा त्यांचा आवाज उजवीकडे 42 अंशांवरून आल्यासारखा वाटतो. त्या बाजूला सगळ्यांत जवळ पडणारा चेहरा म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा माणूस. तो निवडला गेला ह्यात बारने त्याच्या परीने बरोबरच केलंय.

ऐसपैस
पण थेट आवाज आधी पोचतो ना? काचेवरून फिरून येणारा उशिराच येणार. मग बार पहिल्यावर विश्वास का ठेवत नाही?

ध्वनिवेडा
मुद्दा बरोबर आहे, आणि चांगले बार आधी आलेल्यालाच वजन देतात. पण उशीर इथे 4 मिलिसेकंदांचा आहे आणि थेट आवाज दुबळा आहे. एमडी रांगेच्या शेवटी. त्यांच्या आणि बारच्या मधे तीन-चार डोकी, आणि लॅपटॉपवर वाकलेले खांदे. शिवाय माणूस बोलतो तेव्हा शब्दांची धार, म्हणजे स-श-ट-क, तोंडासमोर जास्त जाते आणि बाजूला कमी. एमडी समोरच्या रांगेकडे बघून बोलत असतील तर तोंड काचेकडे. मग ती धार काचेवरून येते आणि सरळ वाटेने नुसती गुरगुर. सातपूरकर, एवढं बघून सांगा: एमडी टीव्हीकडे बघून बोलतात तेव्हाही कॅमेरा चुकतो का?

सातपूरकर
आत्ता रूम रिकामी होती, ऑफिसातल्या पोरांना बसवून करून पाहिलं. मी एमडींच्या खुर्चीवर. टीव्हीकडे बघून बोललो तर कॅमेरा माझ्यावर आला, जरा उशिरा पण आला. समोरच्याशी बोलायला लागलो की गेला परचेसच्या खुर्चीवर. चार वेळा केलं, चारही वेळा तेच!!

ध्वनिवेडा
मग काचच. फर्मवेअर बिघडलेलं असतं तर तुमचं तोंड कुठे आहे ह्याने फरक पडला नसता.

आता संध्याकाळी खोलीतले दिवे लावून, पॅसेजचे बंद करून त्याच खुर्चीवर बसा आणि काचेत बघा. काचेत बारचं प्रतिबिंब जिथे दिसेल, आवाज बरोबर तिथेच आपटतो. तुमच्या मापांवरून ती जागा टीव्हीच्या भिंतीपासून साडेपाच फुटांच्या आसपास यायला हवी. तिथे जाड सतरंजी किंवा रजई टांगा, बसलेल्या माणसाच्या कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत आणि रुंदीला चार फूट तरी. मग तीच चाचणी पुन्हा करा. रजई कायमची टांगायची नाहीये, निदान पक्कं करायचंय.

मुलुंडचा_मन्या
जर्मन गिऱ्हाइकासमोर रजई 😂 उशीही ठेवा, मीटिंग लांबली तर सोय.

नेटवर्कनाथ
एवढं करण्यापेक्षा काच ट्रॅकिंगमधून वगळा की! प्रत्येक बारमध्ये झोन आखता येतो. पाच मिनिटांचं काम.

ध्वनिवेडा
झोन कामाचाच आहे, पॅसेजमधून जाणारे-येणारे फ्रेममध्ये येत असतील तर जरूर आखा. पण झोन कुठले चेहरे धरायचे ते ठरवतो. परचेसवाला खोलीतच बसलाय. त्याची खुर्ची झोनबाहेर टाकली तर तो स्वतः बोलेल तेव्हा दिसणारच नाही. आणि प्रत्येक बारमध्ये झोन असतोच असंही नाही.

नेटवर्कनाथ
परचेसवाला नाही दिसला तर कंपनीचं काय बिघडणार आहे?

मुलुंडचा_मन्या
+1. परचेसवाला कुठल्याच कंपनीत दिसत नाही, विशेषतः पेमेंटच्या वेळी.

काकडआरती
माझ्या प्रश्नाकडे कुणी बघेल का?

ऐसपैस
माझ्या माइकबद्दल बोलतो. टेबलावरचा माइक कॅमेऱ्याला दिशा देतो असं मी नक्की ऐकलंय. आमच्या हेड ऑफिसात तसंच आहे.

ध्वनिवेडा
तुमच्या हेड ऑफिसात एकाच कंपनीची पूर्ण सिस्टिम असेल. छतात किंवा टेबलावर दिशा ओळखणारे माइक, आणि कोण कुठे बसतं ते आधीच भरून ठेवलेलं. तिथे माइक कॅमेऱ्याला हुकूम सोडतो. सातपूरकरांनी बाहेरचा यूएसबी माइक कॉम्प्युटरला जोडलाय, बारला त्याची खबरच नाही. त्याने समोरच्यांना ऐकू चांगलं जातं, कॅमेरा आपल्या पोटातल्या माइकवरच चालतो. बारच्याच कंपनीचा जोड-माइक असला तरी पुष्कळ बार तो फक्त आवाजासाठी वापरतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याला हे लेखी विचारा.

सातपूरकर, अजून एक. जर्मनीवाले बोलतात तो आवाज कशातून येतो? बारच्या स्पीकरमधून की टीव्हीच्या?

सातपूरकर
टीव्हीच्या, जास्त मोठा येतो म्हणून. का?

ध्वनिवेडा
बारला स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखून वजा करता येतो. टीव्हीतून वाजलेला आवाज त्याला खोलीतल्या माणसाचाच वाटतो. जर्मनीवाले बोलतात तेव्हा कॅमेरा उगीच हलत असेल तर कारण हेच. मीटिंग अ‍ॅपमध्ये स्पीकर म्हणून बार निवडा. खोलीत कुणी लॅपटॉपवरून त्याच कॉलमध्ये असेल तर त्याचा आवाजही बंद ठेवा.

सातपूरकर
हलतो!! ते जोडून बघितलंच नव्हतं. बघतो.

*(शनिवार)*

सातपूरकर
अपडेट. प्रतिबिंबाची युक्ती भारी. जागा भिंतीपासून पावणेसहा फुटांवर निघाली. कँटीनमधली सतरंजी दुहेरी करून टांगली. समोरच्याशी बोललो तरी कॅमेरा परचेसच्या खुर्चीवर गेला नाही. सतरंजी काढली की गेला. आवाज बारच्या स्पीकरवर घेतला, जर्मनीवाल्यांचा प्रश्नही मिटलेला दिसतोय. पण आता एमडींच्या जागेवरून बोललं की अकाउंट्स मॅडम जास्त येतात. दहापैकी निम्म्या वेळा तरी.

ध्वनिवेडा
हा दुसरा प्रॉब्लेम, आणि तो पूर्ण जाणार नाही. बार टेबलाच्या टोकाला आहे, त्यामुळे एका रांगेतली माणसं त्याला एकामागे एक दिसतात. एमडी 10 अंशांवर, मॅडम 12 वर, त्यांच्या पुढचा 15 वर. खुर्च्या अडीच फुटांच्या अंतराने, पण बारला दोनच अंशांचा फरक. मोकळ्या खोलीत 14 फुटांवरून हे जमेलही, काचेच्या खोलीत भरवसा नाही. तीन गोष्टी करा. एमडींना टीव्हीपासून दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीवर बसवा, तिथे शेजाऱ्यांमधला कोन वाढतो. वेग 'फास्ट'वरून 'स्लो' करा, म्हणजे कुणी नुसतं 'हं' म्हटलं की फ्रेम पळणार नाही. आणि झूमची मर्यादा कमी करा, दोघं-तिघं एकत्र दिसतील इतकी. मग मॅडम निवडल्या गेल्या तरी एमडी फ्रेममध्ये असतील.

ऐसपैस
टीव्हीच लांब भिंतीवर घ्या, सगळे बाजूबाजूला दिसतील.

ध्वनिवेडा
खोली 10 फूट रुंद आहे. लांब भिंतीवर घेतला तर जवळच्या रांगेची पाठ कॅमेऱ्याकडे आणि टोकाचे फ्रेमबाहेर. अरुंद खोलीत मी तरी सुचवणार नाही.

ऐसपैस
टेबल फिरवता येईल.

नेटवर्कनाथ
ट्रॅकिंग बंद करून ग्रुप फ्रेमिंगवर टाका, सगळे दिसतील, कटकट मिटली. आणि व्हर्जन नंबर अजून टाकलेला नाही.

सातपूरकर
ग्रुपवर एमडी शेंगदाण्याएवढे दिसतात, तेच तर त्यांना नकोय. खुर्ची बदला म्हणून त्यांना कोण सांगणार? सोमवारपुरती सतरंजीच ठेवतोय. कॅमेऱ्याच्या बाजूने ती दिसते, म्हणून तिच्यासमोर कंपनीचा स्टँडी उभा करू का? पडदेवाला मंगळवारी माप घ्यायला येतोय. झूमच्या मर्यादेचं सेटिंग सापडत नाही, रिमोटवर नाहीये.

ध्वनिवेडा
स्टँडी गुळगुळीत फ्लेक्सचा असेल तर नको, त्याच्यावरून पुन्हा आवाज उसळेल. पडदा जाड कापडाचा आणि चुण्यांचा घ्या, काचेपासून तीन-चार इंच पुढे. रोलर ब्लाइंड घेऊ नका, तो आवाज फारसा शोषत नाही. झूमचं सेटिंग बहुधा बारच्या वेब पानावर असेल. बार नेटवर्कला असेल तर ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाका, अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल.

सातपूरकर
पासवर्ड विक्रेत्याकडे आहे. बिल भरल्याशिवाय देत नाही म्हणतोय.

काकडआरती
आमच्या सेक्रेटरींनी काल नवीन फोन घेतला, तरीही पंखाच दिसतोय.