मदत हवी आहे: बंगाली सहकारी बाईंना 'शुभो बिजोया' कधी म्हणायचं?

ऑफिसातल्या बंगाली सीनियर बाईंना दुर्गापूजेच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत. षष्ठीपासून नवमीपर्यंत 'शुभो शारोदिया' चालतं, अष्टमीला 'शुभो महाअष्टमी', एवढं पक्कं आहे. अडतं ते दशमीला. आपण दसऱ्याला सकाळपासूनच सोनं वाटत सुटतो, पण 'शुभो बिजोया' देवीचं विसर्जन झाल्यावरच म्हणतात. सकाळीच पाठवलं तर देवी मांडवात असतानाच तिला निरोप दिल्यासारखं होतं. पुढे मात्र कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत, अगदी दिवाळीतल्या कालीपूजेपर्यंतही म्हटलेलं चालतं. म्हणजे सुट्टीनंतर भेटल्यावर म्हटलं तरी उशीर नाही.

प्रश्न असा: वडीलधाऱ्यांना 'बिजोयार प्रोणाम' म्हणतात. बाई आठ-दहा वर्षांनीच मोठ्या आहेत. प्रोणाम म्हटलं तर उगाच म्हातारं केल्यासारखं वाटेल का? की नावापुढे 'दी' लावून नुसतं 'शुभो बिजोया' पुरे?