'खंडित', 'बाधित' आणि साठ शब्दांची बातमी

डेस्कवरची नवी:
दोन पानी जाहीर सूचनेची साठ शब्दांची बातमी करायची आहे. मूळ वाक्य असं: "मुख्य जलवाहिनीवरील झडप बदलण्याचे काम हाती घेण्यात येत असल्याने दि. १४ रोजी सकाळी ९ ते दि. १५ रोजी सकाळी ९ या कालावधीत पूर्व विभागातील पाणीपुरवठा खंडित राहील व पश्चिम विभागातील पाणीपुरवठा बाधित होईल." दोन्ही ठिकाणी 'पाणी बंद' लिहिलं तर शब्द वाचतात. चालेल?

जुना उपसंपादक:
नाही. 'खंडित' म्हणजे इथे बंदच, पण 'बाधित' म्हणजे काहीतरी फरक पडेल, एवढंच. उशिरा येईल, कमी येईल की दिवसाआड? हा शब्द लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. त्याचा उलगडा सूचनेतच पुढे कुठेतरी असतो, तो शोधा. सापडला नाही तर खात्याला फोन लावा. अंदाजाने 'बंद' लिहू नका.

काटछाट:
एवढी शोधाशोध कशाला? बातमी पहिल्या परिच्छेदात असते. तो ठेवायचा, बाकी कापायचं.

जुना उपसंपादक:
नीट लिहिलेल्या प्रसिद्धीपत्रकात असेल तसं. जाहीर सूचनेचा पहिला परिच्छेद मात्र बहुतेकदा कोणत्या अधिकारात आणि कोणत्या ठरावानुसार, यातच संपतो. वाचकाला लागणारी गोष्ट कधीकधी 'तसेच' ने सुरू होणाऱ्या वाक्यात दडलेली असते.

डेस्कवरची नवी:
अगदी तसंच निघालं! दुसऱ्या पानावर: "तसेच पश्चिम विभागात सदर कालावधीत कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. पूर्व विभागात दि. १५ रोजी सायंकाळपर्यंत पाणीपुरवठा उशिरा व कमी दाबाने होईल. प्रारंभी पाणी गढूळ येण्याची शक्यता असल्याने ते गाळून व उकळून प्यावे."

सोसायटीचा सचिव:
संक्षिप्त म्हणजे 'दि.', 'सा.' अशी लघुरूपं वापरायची का? आमच्या फलकावर मी 'दि. ८ रोजी रात्री १२ पर्यंत लिफ्ट बंद' असं लिहिलं होतं. निम्मे लोक ७ आणि ८ मधली रात्र समजले, निम्मे ८ आणि ९ मधली.

जुना उपसंपादक:
विचारलंय ते लघुरूपांबद्दल नाही, पण तुमचं उदाहरण नेमकं आहे. रात्री १२ लिहावंच लागलं तर 'सोमवारी मध्यरात्रीपर्यंत' एवढ्यावर थांबू नये, 'सोमवारची रात्र संपून मंगळवार लागेपर्यंत' असं फोडावं. शब्द जास्त जातात, पण ते वाया जात नाहीत. तारखेला वार जोडावा, तोही कॅलेंडर पाहून, कारण सूचनेतच वार आणि तारीख जुळत नाही असंही होतं. 'उद्या' मात्र टाळा. तीच बातमी कोणी दुसऱ्या दिवशी वाचली की उद्या एक दिवस पुढे सरकतो.

डेस्कवरची नवी:
१४ ला बुधवार आहे, पाहिलं. हा मसुदा:

"पूर्व विभागाचा पाणीपुरवठा बुधवारी, १४ तारखेला सकाळी ९ पासून गुरुवारी, १५ तारखेला सकाळी ९ पर्यंत पूर्ण बंद राहील. याच वेळेत पश्चिम विभागात पाणी कमी दाबाने येईल. पूर्व विभागात गुरुवारी सकाळी ९ नंतरही संध्याकाळपर्यंत पाणी उशिरा आणि कमी दाबाने मिळेल. सुरुवातीचे पाणी गढूळ असू शकते. ते गाळून, उकळून प्यावे. मुख्य जलवाहिनीची झडप बदलायची असल्याने हा निर्णय घेतल्याचे पाणीपुरवठा विभागाने कळवले आहे."

बरोबर साठ. ठराव क्रमांक, झडपेचा व्यास, कंत्राटाचा तपशील आणि 'नागरिकांनी सहकार्य करावे' गेलं.

जुना उपसंपादक:
छान. तिसरं वाक्य राखलंत हे महत्त्वाचं. काम ९ ला संपलं तरी रिकामी झालेली वाहिनी आणि टाक्या भरायला वेळ लागतो, आत कोंडलेली हवा निघावी लागते. फक्त 'सकाळी ९ पर्यंत बंद' छापलं असतं तर लोक सव्वानऊला नळ सोडून बसले असते, आणि बातमी चुकीची नसूनही फसवी ठरली असती. 'सहकार्य करावे' वगळलंत ते योग्य. 'उकळून प्यावे' तसं नाही, ती वाचकाने करायची कृती आहे.

काटछाट:
मग शेवटचं वाक्यही उडवा. झडप बदलतात की पाइप, वाचकाला काय करायचंय? आणि 'झडप' कोण म्हणतं, सगळे व्हॉल्व्ह म्हणतात.

जुना उपसंपादक:
व्हॉल्व्ह लिहिलं तरी हरकत नाही. कारणही जाऊ दे. पण 'पाणीपुरवठा विभागाने कळवले' हे हवंच, नाहीतर पाणी बंद हे सांगतंय कोण?

सोसायटीचा सचिव:
कारण ठेवा हो. कारण नसलेली सूचना फलकावर लावली की मला दहा फोन येतात.

काटछाट:
फलकाला जागा असते. पानावर खालून जाहिरात वर सरकली की शेवटच्या दोन ओळी कापल्या जातात, मग तुमचं कारणही जातं आणि 'विभागाने कळवले' सुद्धा.

डेस्कवरची नवी:
म्हणजे विभागाचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ? मग तारीख दुसऱ्या ओळीत ढकलली जाते.