कोजागरीच्या व्हिडिओ कॉलच्या फोटोखाली काय लिहावे? (नाशिक आणि सिएटल)

गोदाकाठ
नमस्कार. यंदाच्या कोजागरीला मी नाशिकला आमच्या गच्चीवर होते आणि वसतिगृहापासूनची माझी मैत्रीण सिएटलला तिच्या स्वयंपाकघरात होती. रात्री अकराच्या सुमारास आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलत असताना मी स्क्रीनशॉट घेतला, तो अनपेक्षितपणे फार छान आला आहे. मोठ्या चौकटीत ती आहे. अंगात जाड स्वेटर, हातात दुधाचा मग, मागच्या खिडकीत ढगाळ सकाळचा करडा उजेड आणि ओट्यावरच्या मायक्रोवेव्हच्या घड्याळात १०:३२. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मी आहे. माझ्या मागे काळोख, कपडे वाळत घालायच्या दोरीला अडकवलेला एक बल्ब आणि हातात मसाला दुधाचा पेला. पडद्याच्या वरच्या कडेला माझ्या फोनची वेळ दिसते आहे, ११:०२.

हा फोटो मला इन्स्टाग्रामवर आणि आमच्या वसतिगृहाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा आहे. "अंतर नकाशावर असते, मनात नसते" अशी एक ओळ मी लिहून पाहिली, पण ती कुठल्याही दोन माणसांच्या कुठल्याही फोटोखाली चालेल, म्हणून मन भरले नाही. ओळ मराठीत हवी, एक किंवा फार तर दोन वाक्यांची, आणि ती याच फोटोची असावी. कृपया सुचवावे.

चांदणवेल
कोजागरी आहे म्हटल्यावर चंद्राला सोडून कसे चालेल? "दोन देश, दोन खिडक्या, चंद्र मात्र एकच" असे लिहा. किंवा "तू तिथून बघ, मी इथून बघते, चंद्राच्या घरी आपली भेट" हेही सुंदर दिसेल.

उत्तररात्र
चांदणवेल यांची ओळ गोड आहे, पण या फोटोखाली ती खोटी ठरेल, आणि तीही फोटोतूनच उघडी पडेल. नाशिकला रात्री अकरा म्हणजे सिएटलला त्याच दिवशी सकाळचे साडेदहा. कोजागरीचा पूर्ण चंद्र तेव्हा नाशिककरांच्या जवळपास डोक्यावर असतो, पण सिएटलच्या आकाशातून तो तीन-चार तासांपूर्वीच मावळलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या साधारण समोर असल्यामुळे ज्या खिडकीत दिवस आहे त्या खिडकीत तो सापडत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मैत्रिणीच्या मागे ढगाळ का होईना पण भरदिवसाचा उजेड आहे, तेव्हा कोणीतरी चिकित्सक माणूस "हिला चंद्र कुठून दिसला?" असे विचारणारच. माझ्यासारखे लोक विचारतातच.

"एकच चंद्र" खरोखर साधायचा असता, तर नाशिकला सूर्यास्ताच्या सुमारास फोन लावायला हवा होता. त्या वेळी आपल्याकडे चंद्र पूर्वेला नुकता वर आलेला असतो आणि सिएटलला पहाट असल्यामुळे तोच चंद्र पश्चिमेला टेकायच्या बेतात असतो. ही संधी तासाभराहून फारशी मोठी नसते आणि दोन्हीकडे क्षितिज मोकळे लागते. मैत्रिणीला पहाटे पावणेसहाला उठवण्याइतकी मैत्री आहे का, हे तुम्हीच ठरवा.

"एकच सूर्य" हाही असाच फसवा. जूनमध्ये सिएटलचा दिवस इतका लांब असतो की नाशिकचा मावळतीचा सूर्य आणि तिकडचा सकाळचा सूर्य एकाच कॉलमध्ये पकडता येतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तिकडे सूर्य मावळून गेल्यावरच आपल्याकडे उगवतो आणि आपल्याकडचा मावळल्यानंतर बऱ्याच वेळाने तिकडे उगवतो. त्या दिवसांत दोन खिडक्यांपैकी निदान एकीत तरी ऊन नसतेच.

बाळासाहेब_सातपूर
एवढे आकाश धुंडाळण्याची गरज नाही. अमेरिका म्हणजे साडेबारा तास, हे आता घराघरांत पाठ झाले आहे. "साडेबारा तासांची मैत्री" असे लिहावे आणि मोकळे व्हावे. हीच ओळ दर वर्षी वापरता येईल.

उत्तररात्र
बाळासाहेब, आकडा या फोटोपुरता बरोबर आहे, पण सगळ्या अमेरिकेचा नाही आणि वर्षभराचाही नाही. सिएटल किंवा कॅलिफोर्निया असेल तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास, आणि नंतर त्यांची घड्याळे मागे गेली की साडेतेरा. न्यूयॉर्कची मैत्रीण असती तर हेच आकडे साडेनऊ आणि साडेदहा झाले असते. कोजागरी त्यांचे घड्याळ बदलण्याच्या आधीच येते, म्हणून तिच्यापुरते तुमचे निभावते. दिवाळीच्या फोटोखाली हीच ओळ टाकायची असेल, तर आधी तारीख पाहावी लागेल.

सुमनताई
माझी मुलगी लंडनला असते, म्हणून माझा अनुभव सांगते. सुरुवातीला मला वेळेचे गणित जमत नसे. मग कोणीतरी सांगितले की काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरावे, आकड्यांकडे न बघता फक्त काटे बघावेत, म्हणजे लंडनची वेळ कळते. हिवाळ्यात ते अगदी बरोबर येते, उन्हाळ्यात एक तास चुकते. तुम्ही फोन रात्री अकराला करण्यापेक्षा संध्याकाळी लवकर केलात तर दोघींनाही सोयीचे होईल आणि जागरणही होणार नाही. आम्ही रविवारी सात वाजता बोलतो.

गोदाकाठ
सुमनताई, घड्याळाची युक्ती फार आवडली. जागरण मात्र कोजागरीचेच होते, त्यामुळे ते टाळण्याचा प्रश्न नव्हता. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाची कोजागरी शनिवारी उरकली होती आणि मूळ दिवशी तिला कामाच्या दोन बैठकांच्या मधे तेवढाच अर्धा तास मोकळा मिळाला.

जुना_उपसंपादक
मी अनेक वर्षे वृत्तपत्रात फोटोओळी लिहिल्या आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. फोटोओळीचा पहिला नियम असा की जे डोळ्यांना दिसते ते पुन्हा शब्दांत सांगायचे नाही, आणि जे दिसत नाही पण कळायला हवे, तेवढेच सांगायचे. तुमच्या फोटोत दोघी हसत आहेत, दोघींच्या हातात दूध आहे, एकीकडे दिवस आणि दुसरीकडे रात्र आहे, हे सगळे दिसतेच. गावे, कोजागरी आणि तुमचे जुने नाते या गोष्टी दिसत नाहीत. त्यातही नाते चेहऱ्यांवरून कळते. मैत्री, ओढ, आठवण, अंतर, हृदय यांपैकी कोणताही शब्द न वापरता ओळ लिहून पाहिलीत, तर तुमच्या पहिल्या ओळीत काय खटकत होते ते लगेच सापडेल.

आता या फोटोतली खरी गंमत बघा. ती अजून कोणी उचललेली नाही. एका घड्याळात ११:०२ आहेत आणि दुसऱ्यात १०:३२. सकाळ की रात्र हे दोन्ही घड्याळे सांगत नाहीत. ओझरते बघणाऱ्याला या दोघींमध्ये अर्ध्या तासाचा फरक आहे असेच वाटेल, जणू एक नाशिकला आणि दुसरी कुठे कराचीला असावी. मग त्याची नजर खिडकीतल्या उजेडाकडे जाईल, तिथून तुमच्या मागच्या काळोखाकडे येईल, आणि उरलेले बारा तास त्याला तिथे सापडतील. हे काम फोटो करतो आहे. ओळीने फक्त बोट दाखवायचे आहे. म्हणून माझी सूचना अशी:

"फरक अर्ध्या तासाचा, आणि एका रात्रीचा."

खाली दुसऱ्या ओळीत साधेपणाने "नाशिक, सिएटल. कोजागरी." एवढेच. यापुढे एक शब्दही वाढवू नये. इन्स्टाग्रामवर लांब मजकुराचा सुरुवातीचा भागच दिसतो आणि बाकीचा दाबल्याशिवाय उघडत नाही, तेव्हा कलाटणी पहिल्याच ओळीत यायला हवी.

याला एक अट आहे. स्क्रीनशॉट टाकताना लोक वरची पट्टी सरसकट कापतात, कारण तिथे बॅटरी, नेटवर्क आणि आलेल्या संदेशांच्या खुणा असतात. तुम्ही ती कापलीत तर ११:०२ जाईल आणि ही ओळ कोणालाच कळणार नाही. वेळ राहू द्या, बाकीच्या खुणा पुसा. मायक्रोवेव्हचे आकडेही लहान पडद्यावर वाचता येतात का, ते टाकण्यापूर्वी एकदा दुसऱ्याच्या फोनवर पाहा. आकडे अंधुक असतील तर ओळीतच वेळा द्याव्या लागतील: "तिच्याकडे १०:३२, माझ्याकडे ११:०२. फरक अर्ध्या तासाचा, आणि एका रात्रीचा." ही ओळ थोडी जड होते, पण चालून जाते.

चांदणवेल
उपसंपादकांची ओळ चांगली आहे, हे मान्य. पण तिच्यात कोजागरी खालच्या ओळीत ढकलली गेली, आणि माझ्या मते फोटोचा जीव तीच आहे. चंद्र नको असेल तर हे बघा: "को जागर्ति? एक नाशिकहून, एक सिएटलहून: मी!" लक्ष्मी विचारत फिरते, आणि एकीने रात्र जागवली म्हणून तर दुसरी सकाळ झाली म्हणून, दोघीही जाग्याच आहेत.

जुना_उपसंपादक
ही तुमच्या आधीच्या दोन्ही ओळींपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि खरीही आहे. वसतिगृहाच्या गटावर हीच टाकावी. इन्स्टाग्रामवर मैत्रिणीच्या कार्यालयातले लोकही असतील, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागेल, आणि समजावून सांगावी लागणारी ओळ मी सहसा टाळतो.

चांदणवेल
सगळ्यांना सगळे कळलेच पाहिजे असे थोडेच आहे? ज्यांना कळेल त्यांच्यासाठीच ओळ असते.

रेवा_प
ओळीबद्दल मला फारसे सांगता येणार नाही, पण फोटोबद्दल दोन गोष्टी सांगते. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आपली स्वतःची चौकट आरशासारखी उलटी दिसते आणि स्क्रीनशॉटमध्ये ती तशीच येते. तुमच्या कपड्यांवर किंवा मागे काही अक्षरे असतील तर ती उलटी आली आहेत का ते तपासा. दुसरी गोष्ट, मैत्रिणीचे स्वयंपाकघर मागे दिसते आहे. फ्रिजवर मुलांच्या शाळेचे वेळापत्रक, एखादे पत्र किंवा औषधांची यादी लावलेली असते, आणि आपले लक्ष चेहऱ्याकडे असल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही. फोटो मोठा करून कोपरे पाहा आणि टाकण्यापूर्वी तिला तोच कापलेला फोटो ओळीसकट पाठवून विचारा.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. रेवा, तुमच्या सांगण्यावरून फोटो मोठा करून पाहिला. फ्रिजवर खरोखरच शाळेचे नाव असलेला कागद आहे. तो उजव्या कडेला असल्यामुळे कापता येतो, मायक्रोवेव्ह डावीकडे आहे. फोनवर मायक्रोवेव्हचे १०:३२ नीट वाचता येतात, धाकट्या भावाच्या जुन्या फोनवरही पाहिले.

गटावर "को जागर्ति" आणि इन्स्टाग्रामवर "अर्ध्या तासाचा, आणि एका रात्रीचा" असे ठरवत आहे. मैत्रिणीला दोन्ही ओळी पाठवल्या होत्या. तिचे म्हणणे असे की इन्स्टाग्रामवरही "को जागर्ति" हीच टाकावी, कारण कार्यालयातल्यांनी अर्थ विचारला तर तिला सांगायला आवडेल. म्हणजे चांदणवेल यांना एक मत आणखी मिळाले. उपसंपादक, एक विचारायचे आहे: दोन्ही एकत्र घेतल्या, वर प्रश्न आणि खाली अर्ध्या तासाची ओळ, तर फार होईल का?

जुना_उपसंपादक
फार होईल. दोन्ही ओळींना स्वतःची कलाटणी आहे, आणि एका फोटोखाली दोन कलाटण्या आल्या की वाचणारा एकीवरही थांबत नाही. मैत्रिणीचे ऐका. चेहरा तिचाही आहे. फक्त "को जागर्ति" घेतलीत तर घड्याळांवर काही अवलंबून राहत नाही, मग वरची पट्टी खुशाल कापा.

उत्तररात्र
पट्टी कापू नका. माझ्यासारखा कोणीतरी वेळ बघतोच.