उत्तर: बातमी अडत नाही, पान बदलतं

> “शोधनिबंध वाचला, पण पटला नाही. संपादक बाई नाही म्हणून चांगली बातमी कोण अडवतं?”

संपादकाच्या खुर्चीत बायका नसल्या की बायकांच्या बातम्या मागे पडतात, असं तो शोधनिबंध म्हणतो. अडवत कोणीच नाही हो, बातमी फक्त आतल्या पानावर जाते. सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर मी काही वर्षं होते. घरी वळून नेलेल्या विड्यांपैकी काही कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतात आणि त्यांची मजुरी बुडते. आमच्या वार्ताहर मुलीने दहा-बारा बायकांशी बोलून हे लिहून आणलं. संध्याकाळच्या बैठकीत मी सोडले तर सगळे पुरुष. पहिला प्रश्न आला, “यात मोर्चा कुठाय? नेता काय म्हणतो?” नेता नव्हता, म्हणून मजकूर महिलांच्या पुरवणीत गेला, भरल्या वांग्याच्या शेजारी. आठवड्याने एका पुढाऱ्याने त्याच विषयावर निवेदन दिलं. ते पान एकवर, फोटोसकट!

त्या मुलीने पुन्हा तसा विषय आणलाच नाही. निबंधाचा मुद्दा मला इथेच पटतो. वार्ताहर वरच्यांची आवड ओळखून आधीच गाळतो, मग नकाराची नोंद कुठे सापडणार?

मोजायचं तर महिनाभराचे अंक घेऊन बातमीत बोलतंय कोण ते पाहा. जागतिक माध्यम पाहणीत बातम्यांतल्या व्यक्तींमध्ये बायका 1995 साली 17 टक्के होत्या, 2020 साली 25.

एकटी बाई संपादक झाली की सगळं बदलतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या बैठकीत मीही गप्पच होते.