प्रोबेशन वाढवल्याचं सांगताना पत्रात आकडे द्यावेत का?

टीमलीड_नवा: माझ्या हाताखालच्या एका मुलीचं सहा महिन्यांचं प्रोबेशन ३० जूनला संपतंय. ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं काम आहे. वागणं चांगलं, शिकायची तयारी आहे, पण तक्रार घाईने बंद करते आणि ती पुन्हा उघडते. तीन महिने वाढवायचं ठरलंय. एचआर म्हणतं, 'कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही' एवढंच लिहा, आकड्यांत अडकू नका. तुम्ही काय कराल?

जुनाखेळाडू: एचआरचं बरोबर आहे. आकडा लिहिला की तुमचे हात बांधले गेले. उद्या तिने आकडा गाठला, पण ग्राहकांशी उर्मटपणे बोलायला लागली, तर? ती पत्र पुढे करणार आणि तुम्ही गप्प बसणार. पत्र मोघम ठेवा आणि काय ते तोंडी सांगा.

कोरापाट: मोघम पत्र मला मिळालं होतं, तेही मुदत उलटून गेल्यावर. तोवर मी घरी 'कायम झालो' असं सांगून मोकळा! साहेबांना कारण विचारलं तर म्हणाले, 'ओव्हरऑल'. ओव्हरऑल सुधारायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्याच महिन्यात दुसरी नोकरी धरली.

हिशोबनीस: प्रोबेशन वाढलं की पगारवाढही पुढे जाते का? आमच्याकडे तसंच करतात आणि ते साफ चूक आहे.

जुनाखेळाडू: पगाराचं कोणी विचारलंय इथे?

मेघा_एचआर: प्रश्न पगाराचा नव्हता, पण पत्रात त्यावर एक ओळ लागतेच, नाहीतर ती पहिली शंका तीच काढेल. सुट्ट्या आणि नोटिशीचा काळ प्रोबेशनचाच राहणार असेल तर तेही लिहा.

आता आकड्यांचं. टीमलीड, समजा मे-जूनमध्ये तिने ६० तक्रारी बंद केल्या आणि त्यातल्या १५ पुन्हा उघडल्या. कारण म्हणून हे लिहायला हरकत नाही. पण लक्ष्य ठरवण्याआधी त्या पंधराही तक्रारी उघडून वाचा. काही ग्राहक नवीन अडचणीसाठी जुनीच तक्रार उघडतात. काही वेळा दुरुस्ती दुसऱ्या टीमने केलेली असते आणि तीच फसते. समजा अशा ५ निघाल्या. म्हणजे तिच्या नावावर राहिल्या १०, जिथे 'आता चालतंय ना?' असं ग्राहकाला न विचारताच तिने बंदचं बटण दाबलं. सुधारायचं आहे ते हे. मग लक्ष्य असं येतं: ग्राहकाचा होकार नोंदवल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, आणि न विचारता बंद केल्यामुळे पुन्हा उघडलेल्या तक्रारी महिन्याला ३० मागे दोनपेक्षा जास्त नकोत.

उर्मटपणाची भीती असेल तर जुनाखेळाडू म्हणतात तसं मोघम लिहायची गरज नाही. 'बाकी कामाचा दर्जा आहे तसाच राहिला पाहिजे' एवढं वाक्य पुरतं.

जुनाखेळाडू: आणि तिने नुसता आकडाच सांभाळला तर? कागदावर बरोबर आणि कामात कच्ची माणसं मी पुष्कळ पाहिलीत. एखादी अवघड तक्रार आली की ती बंदच करणार नाही, तशीच पडू देईल. आकडा सुंदर!

मेघा_एचआर: हा मुद्दा मान्य. म्हणून जोडीला दुसरं माप लागतं, की तीन दिवसांपेक्षा जुनी तक्रार असेल तर ती का थांबली हे तिने लिहिलेलं असावं. पण मापं दोनच ठेवा. सात-आठ लक्ष्यांची यादी दिली की माणूस समजतो, आपल्याला काढायचंच ठरलंय.

टीमलीड_नवा: आणि तारीख? मी ३० सप्टेंबर धरली होती.

मेघा_एचआर: ती मुदत झाली, आढाव्याची तारीख वेगळी. आढावा १५ सप्टेंबरला ठेवा, म्हणजे निर्णय लिहून द्यायला हातात वेळ राहतो. मध्ये एकदा ३१ जुलैला आकडे तिच्यासमोर ठेवा. आधी तिच्या नेमणूकपत्रात वाढ किती महिन्यांची आणि किती वेळा चालते ते बघा. पत्र ३० जूनच्या आत तिच्या हातात पडलं पाहिजे. त्याआधी समोर बसवून सांगा, आणि पहिल्याच वाक्यात: 'तुझं प्रोबेशन ३० सप्टेंबरपर्यंत वाढवतोय.' गुणगान आधी गायलंत तर तिला वाटेल, कायम केलं.

कोरापाट: एक राहिलं. हे तिला याआधी कधी सांगितलंय का? की सहा महिने 'छान चाललंय' आणि आता एकदम हे?

टीमलीड_नवा: चौथ्या महिन्यात एकदा बोललो होतो. लेखी काही नाही.

मेघा_एचआर: मग पत्रात 'वारंवार सूचना देऊनही' हे शब्द घालू नका. एकदा बोललात, तर 'एप्रिलमध्ये बोलणं झालं होतं' इतकंच लिहा.

जुनाखेळाडू: मी अजूनही आकडे तोंडीच सांगेन. पण पंधरा तक्रारी उघडून बघायचं पटलं.